व्हिडिओचं शीर्षक बदललं, तरी शेअर केलेल्या लिंकखाली जुनंच का दिसतं? आणि ते कसं बदलायचं?

यूट्यूब स्टुडिओत जाऊन शीर्षक दुरुस्त केलं, नवं थंबनेल चढवलं, Save दाबलं. व्हिडिओ उघडून पाहिला तर सगळं व्यवस्थित. पण व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकलेल्या लिंकखाली अजून जुनंच चित्र आणि जुनंच नाव. दोन दिवसांनी पाहिलं तरी तेच. मग लोक पुन्हा पुन्हा Save करतात, व्हिडिओ खाजगी करून परत सार्वजनिक करतात, थंबनेल काढून पुन्हा चढवतात. तरीही ग्रुपमधलं काही हलत नाही, कारण बहुतेक वेळा गडबड यूट्यूबमध्ये नसतेच.

लिंकखालचा तो छोटा चौकोन, म्हणजे प्रिव्ह्यू, ही एका ठरावीक क्षणी काढलेली नक्कल असते. पत्रिका छापून घरोघर वाटल्यावर मुहूर्त बदलला, तर वाटलेल्या पत्रिकांवरची तारीख आपोआप बदलत नाही. तसंच इथे होतं. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी एकच गोष्ट शोधायची: जुनी नक्कल नेमकी कुठे पडून आहे? ती तीनपैकी एका ठिकाणी असते. पाठवलेल्या संदेशातच, फेसबुक-टेलिग्रामसारख्या सेवेच्या सर्व्हरवर, किंवा चित्राच्या फाइलच्या पत्त्यावर. जागा कळली की उपाय आहे की नाही, हेही लगेच कळतं.

पुढचं सगळं एका उदाहरणावर चालवू. समजा, सांगलीच्या एका हौशी नाट्यसंस्थेने नाटकाची झलक यूट्यूबवर टाकली. शीर्षकात आणि थंबनेलवर लिहिलं होतं, ‘शनिवार ७ जून, भावे नाट्यमंदिर’. लिंक सात-आठ व्हॉट्सॲप ग्रुपांत गेली, संस्थेच्या फेसबुक पानावर लागली, टेलिग्राम चॅनेलवरही पडली. मग प्रयोग १४ जूनला ढकलावा लागला. शीर्षक बदललं, थंबनेल बदललं. आता जुना प्रिव्ह्यू पाहून कुणी ७ तारखेला थिएटरच्या दारात उभं राहायला नको.

प्रिव्ह्यू बनतो कसा

कोणत्याही वेबपानाच्या कोडमध्ये, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, काही ओळी खास प्रिव्ह्यूसाठी लिहिलेल्या असतात. ही पद्धत फेसबुकने २०१० मध्ये ओपन ग्राफ या नावाने आणली आणि आज जवळजवळ सगळ्या सेवा ती वाचतात. यूट्यूबच्या पानावर त्या साधारण अशा असतात:

```
<meta property="og:title" content="व्हिडिओचं शीर्षक">
<meta property="og:image" content="https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/maxresdefault.jpg">
<meta property="og:url" content="https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID">
```

तुम्ही लिंक चिकटवता तेव्हा एक प्रोग्रॅम हे पान उघडतो, `og:title` मधून नाव उचलतो, `og:image` मधल्या पत्त्यावर जाऊन चित्र उतरवतो आणि चौकोन तयार करतो. इथे लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे शीर्षक पानाच्या मजकुरातच असतं, पण चित्र दुसऱ्याच पत्त्यावर असतं. त्यामुळे या दोन्हींच्या नकला वेगवेगळ्या वेळी शिळ्या होऊ शकतात. ‘नाव नवीन आलं, पण फोटो जुनाच’ ही तक्रार इतकी येते ती यामुळेच.

पायरी १: मूळ ठिकाणी नवं पोचलं आहे का, हे आधी पाहा

स्वतःच्या चॅनेलच्या खात्यातून पाहू नका. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, म्हणजे लॉगिन नसलेल्या परक्या माणसाला काय दिसतं ते कळेल. तिथे अॅड्रेसच्या पट्टीत हा पत्ता टाका आणि VIDEO_ID च्या जागी तुमच्या लिंकमधली अकरा अक्षरं घाला:

```
https://www.youtube.com/oembed?url=https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID&format=json
```

यूट्यूब इतर साइटना व्हिडिओची जी माहिती देतं, तीच थोड्या ओळींत समोर येईल. त्यात `title` आणि `thumbnail_url` शोधा. (मराठी अक्षरांऐवजी `\u0928` असे कोड दिसले तर घाबरू नका, ती अक्षरंच आहेत, फक्त वेगळ्या रूपात लिहिलेली.) त्यापेक्षा सोपं हवं असेल तर त्याच खाजगी खिडकीत व्हिडिओचं पान उघडा, कॉम्प्युटरवर Ctrl+U दाबा आणि उघडलेल्या कोडमध्ये `og:title` शोधा.

शीर्षक नवं असेल तर आता चित्र पाहायचं. ते थेट त्याच्या पत्त्यावर उघडा:

```
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/maxresdefault.jpg
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/hqdefault.jpg
```

पहिलं मोठं, १२८० बाय ७२० पिक्सेलचं; दुसरं ४८० बाय ३६० चं. यूट्यूब एकाच थंबनेलचे असे बरेच आकार ठेवतं आणि ते जगभरातल्या सर्व्हरांवरून वाटतं. त्यामुळे बदलानंतर काही काळ एका आकारात नवं आणि दुसऱ्यात जुनं असंही दिसू शकतं. प्रिव्ह्यू करणारी सेवा नेमका जुना आकार उचलत असेल, तर तुम्हाला स्टुडिओत सगळं नवं दिसूनही बाहेर जुनंच जातं.

इथेच जुनं दिसलं तर पुढच्या कोणत्याही पायरीला अजून हात लावू नका. काही तास थांबा आणि पुन्हा तपासा. या वेळी फेसबुकला ‘पुन्हा वाच’ असं सांगितलं, तर ते जुनं चित्रच ताज्या तारखेने साठवून ठेवेल आणि काम वाढेल.

आपल्या नाट्यसंस्थेच्या बाबतीत समजा इथे दोन्ही गोष्टी नव्या दिसल्या. म्हणजे मूळ ठिकाणी काही अडलेलं नाही, जुन्या नकला पुढे आहेत.

पायरी २: व्हॉट्सॲप, जिथे नक्कल संदेशातच असते

महाराष्ट्रात बहुतेकांचा प्रश्न इथलाच असतो आणि इथलं उत्तर थोडं कडू आहे. व्हॉट्सॲपवर प्रिव्ह्यू बनवण्याचं काम पाठवणाऱ्याचा फोन करतो. तुम्ही लिंक चिकटवता, फोन त्या पानावर जाऊन नाव आणि चित्र आणतो, आणि पाठवायचं बटण दाबताच ते नाव व ते छोटं चित्र संदेशाचा भाग बनून समोरच्याकडे जातात. संदेश एन्क्रिप्टेड असल्यामुळे व्हॉट्सॲपच्या सर्व्हरला त्यातली लिंकही वाचता येत नाही, मग ती परत तपासून चित्र बदलणार कोण? सिग्नल आणि ॲपलच्या आयमेसेजमध्येही प्रिव्ह्यू पाठवणाऱ्याच्याच बाजूला बनतो.

म्हणून गेलेल्या संदेशातला प्रिव्ह्यू दूरून बदलता येत नाही. कोणतंही टूल, कोणतंही सेटिंग ते करत नाही. हाती एवढंच राहतं: संदेश सर्वांसाठी डिलीट करायचा आणि नवा पाठवायचा. सर्वांसाठी डिलीट करण्याची मुदत दोन दिवसांपेक्षा थोडी जास्त आहे, त्यामुळे चूक कळल्यावर आज-उद्या करू नका. जुना संदेश दुसऱ्या कुणी टाकला असेल तर ग्रुपच्या ॲडमिनला सांगा. ॲडमिनला इतरांचे संदेशही काढता येतात.

नवा संदेश पाठवतानाही दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे फॉरवर्ड. जुना संदेश फॉरवर्ड केला की त्याच्यासोबत आधीचाच प्रिव्ह्यू पुढे जातो, फोन पानावर जाऊन नव्याने काही आणत नाही. ७ जूनची तारीख अशीच एका ग्रुपमधून दुसऱ्यात फिरत राहते आणि संस्थेला वाटतं की यूट्यूब ऐकत नाही. म्हणून लिंक कॉपी करून नव्या संदेशात चिकटवायची आणि ग्रुपमधल्यांनाही ‘जुना मेसेज फॉरवर्ड करू नका, हा नवा पुढे पाठवा’ असं स्पष्ट लिहायचं.

दुसरं म्हणजे तुमच्या फोनमध्येच साठलेली नक्कल. तीच लिंक थोड्या वेळापूर्वी चिकटवली असेल, तर फोन कधी कधी आधी आणलेलंच दाखवतो. यावर उपाय असा की लिंक अगदी थोडी वेगळी करायची, म्हणजे फोनला तो नवा पत्ता वाटतो, पण उघडतो तोच व्हिडिओ. यूट्यूबसाठी सर्वांत निरुपद्रवी मार्ग म्हणजे सुरुवातीची वेळ जोडणं:

```
https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID&t=1s
```

व्हिडिओ पहिल्या सेकंदापासून सुरू होतो, बघणाऱ्याला फरक कळत नाही. `youtu.be` ची छोटी लिंक वापरत असाल तर शेवटी `?t=1` जोडा. त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल, उदाहरणार्थ शेअर बटणाने जोडलेलं `?si=`, तर `&t=1`. चिकटवल्यावर लगेच पाठवू नका. टंकायच्या जागेच्या वर प्रिव्ह्यू उमटेपर्यंत थांबा, त्यातली तारीख वाचा आणि मगच पाठवा. आधी ही लिंक स्वतःलाच पाठवून पाहिलीत तर आणखी चांगलं. व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नंबरशी चॅट उघडता येतं.

आणि एक आग्रहाची सूचना. लिंकसोबत संदेशाच्या मजकुरातच ठळक लिहा, ‘प्रयोगाची बदललेली तारीख: शनिवार १४ जून’. प्रिव्ह्यू कुणाच्या फोनवर कसा दिसेल यावर तुमचा पूर्ण ताबा कधीच नसतो, स्वतः लिहिलेल्या ओळीवर असतो.

पायरी ३: फेसबुक, जिथे नक्कल सर्व्हरवर असते

इथे परिस्थिती बरी आहे. एखादी लिंक पहिल्यांदा शेअर झाली की फेसबुकचा प्रोग्रॅम पान वाचतो आणि माहिती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतो. त्यानंतर तीच लिंक कुणीही, कुठल्याही खात्यावरून टाकली तरी ती साठवलेली माहितीच वापरली जाते. फेसबुक अधूनमधून स्वतः पान पुन्हा वाचतं, पण त्यात दिवस जातात, आणि प्रयोग आठवड्यावर आला असताना तेवढी वाट पाहणं परवडत नाही.

ताजं वाचायला लावण्यासाठी फेसबुकनेच शेअरिंग डीबगर नावाचं पान दिलं आहे:

```
https://developers.facebook.com/tools/debug/
```

फेसबुक खात्याने लॉगिन करा, चौकटीत व्हिडिओची पूर्ण लिंक टाका आणि Debug दाबा. व्हिडिओ तुमच्या मालकीचा असायला हवा अशी अट नाही. समोर येणाऱ्या माहितीत Time Scraped ही ओळ आधी पाहा, कारण फेसबुकने पान शेवटचं कधी वाचलं ते तिथे लिहिलेलं असतं. ती वेळ तुमच्या बदलाच्या आधीची असेल तर रोग सापडला. आता Scrape Again दाबा. खाली प्रिव्ह्यू कसा दिसेल तेही दाखवलेलं असतं. पहिल्यांदा चित्र आलं नाही तर थोड्या वेळाने पुन्हा एकदा दाबा.

बहुतेक वेळा शीर्षक इथे लगेच बदलतं. चित्र मात्र कधी कधी हटवादीपणा करतं. फेसबुक चित्राची नक्कल चित्राच्या पत्त्यानुसार ठेवतं. पत्ता तोच राहिला आणि फक्त आतली फाइल बदलली, तर त्याच्या लेखी चित्र बदललेलंच नसतं. यूट्यूबचं `maxresdefault.jpg` हे नाव थंबनेल बदललं तरी तसंच राहतं, म्हणून ही अडचण यूट्यूबच्या लिंकवर जास्त जाणवते. डीबगरमध्ये `og:image` पुढचा पत्ता क्लिक करून पाहा. तिथे नवं चित्र उघडत असेल आणि प्रिव्ह्यूत जुनं असेल, तर अडलेली गोष्ट फेसबुकची चित्राची नक्कल आहे. अशा वेळी काही तासांनी पुन्हा Scrape Again करणं किंवा लिंकऐवजी दुसरा मार्ग घेणं, एवढंच उरतं. नाट्यसंस्थेला मी दुसरा मार्ग सुचवेन: १४ जूनचं पोस्टर थेट फोटो म्हणून टाका आणि व्हिडिओची लिंक मजकुरात किंवा पहिल्या कॉमेंटमध्ये द्या. फोटो तुम्ही स्वतः चढवला असल्यामुळे त्यात कोणतीही जुनी नक्कल मध्ये येत नाही.

व्हॉट्सॲपवर चालणारी `&t=1s` ची युक्ती इथे भरवशाची नाही. यूट्यूबच्या पानावरची `og:url` ही ओळ फेसबुकला सांगते की शेपूट काहीही असलं तरी खरा पत्ता एकच, आणि मग ते साठवलेल्या जुन्या माहितीकडेच वळू शकतं.

आधीच लागलेल्या पोस्टचं काय? डीबगरने सर्व्हरवरची माहिती ताजी झाली तरी जुन्या पोस्टवरचा चौकोन तसाच राहू शकतो. त्या पोस्टच्या तीन टिंबांच्या मेनूत Refresh share attachment असा पर्याय दिसला तर तो दाबा. नसेल तर पोस्ट काढून नवी लावणं हाच सरळ मार्ग. हाताने शीर्षक खोडून नवं टंकायची सोय पूर्वी होती, पण खोट्या बातम्यांना आवर घालण्यासाठी फेसबुकने ती २०१७ मध्ये काढून घेतली. म्हणून ते बटण शोधण्यात वेळ घालवू नका.

पायरी ४: टेलिग्राम, लिंक्डइन आणि एक्स

टेलिग्रामवर @WebpageBot या बॉटला लिंक पाठवा; तो टेलिग्रामच्या सर्व्हरवरचा प्रिव्ह्यू ताजा करतो. त्यानंतर चॅनेलवरचा संदेश पाहा. तरीही जुनंच दिसत असेल तर संदेश काढून पुन्हा टाका. लिंक्डइनसाठी `https://www.linkedin.com/post-inspector/` इथे लिंक टाकून Inspect दाबलं की नवी माहिती घेतली जाते, पण आधीच्या पोस्टना तिचा उपयोग नाही. एक्सवर पूर्वी कार्ड तपासण्याचं टूल होतं, पण २०२२ मध्ये त्यातला प्रिव्ह्यू काढून टाकला गेला. तिथे थोडी बदललेली लिंक वापरून नवी पोस्ट करणं सोपं.

व्हिडिओ तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवर लावला असेल तर

संस्थेच्या वेबसाइटवर एक पान आहे, त्यात हा यूट्यूब व्हिडिओ लावलेला आहे आणि लोक त्या पानाची लिंक शेअर करतात, असं असेल तर यूट्यूबवर केलेला बदल त्या प्रिव्ह्यूला शिवतही नाही. तिथलं `og:title` तुमच्या पानाचं असतं. वर्डप्रेस वापरत असाल तर पोस्टचं शीर्षक, फीचर्ड इमेज आणि एसईओ प्लगइनमध्ये सोशल शेअरिंगसाठी वेगळं भरलेलं नाव आणि चित्र, हे सगळं तपासा. या शेवटच्या रकान्यात सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी भरलेलं जुनं नाव बसलेलं असतं आणि ते कुणाच्या ध्यानात नसतं.

बदलल्यावर साइटची कॅश, म्हणजे साइटने साठवून ठेवलेली पानांची जुनी नक्कल, रिकामी करा. कॅशचं प्लगइन असेल तर त्यात, क्लाउडफ्लेअर असेल तर तिथेही. मगच फेसबुकचा डीबगर चालवा. आणि इथे तुमच्या हातात यूट्यूबवर नसलेली एक सोय आहे: चित्राच्या फाइलचं नावच बदला. `poster.jpg` वर नवं चित्र चढवण्याऐवजी `poster-14june.jpg` या नावाने चढवा. पत्ता नवा झाला की चित्राची जुनी नक्कल कुठेच लागू होत नाही.

नक्कल जुनी नसते, तरी तसं वाटतं तेव्हा

दोन गोष्टी जुन्या प्रिव्ह्यूसारख्या दिसतात, पण त्यांचं कारण वेगळं असतं. एक म्हणजे भाषांतरं. स्टुडिओत शीर्षकाचं इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर जोडलेलं असेल, तर यूट्यूब पाहणाऱ्याच्या भाषेनुसार शीर्षक दाखवतं. तुम्ही मराठी शीर्षकात तारीख दुरुस्त केलीत आणि इंग्रजीत ७ जूनच राहिलं, तर इंग्रजीतून पान वाचणाऱ्या प्रोग्रॅमला जुनी तारीखच मिळू शकते. प्रिव्ह्यूत अचानक इंग्रजी नाव आलं तर स्टुडिओतल्या भाषांच्या विभागात जाऊन प्रत्येक भाषेतलं शीर्षक तपासा.

दुसरी म्हणजे थंबनेलची चाचणी. स्टुडिओत एकाच व्हिडिओला दोन-तीन थंबनेल लावून कोणतं चालतं ते पाहायची सोय आहे. चाचणी चालू असताना वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं चित्र दिसतं. तारखेसारखी गोष्ट बदलायची असेल तर आधी ती चाचणी थांबवा.

पुढच्या वेळी

नक्कल पहिल्या शेअरच्या क्षणी निघते, म्हणून शीर्षक आणि थंबनेल पक्कं होईपर्यंत लिंक कुठेही टाकू नका. व्हिडिओ खाजगी किंवा ठरावीक वेळेला प्रसिद्ध होणारा असेल तर विशेष जपा. तेव्हा बाहेरच्या प्रोग्रॅमला पानावर व्हिडिओची माहितीच मिळत नाही, आणि फेसबुकसारख्या ठिकाणी तो रिकामा प्रिव्ह्यूच साठून राहतो. कार्यकारिणीला आधी दाखवायचा असेल तर अनलिस्टेड ठेवा आणि ती लिंक सार्वजनिक जागी जाऊ देऊ नका.

तारीख, वेळ, तिकिटाचा दर अशा बदलू शकणाऱ्या गोष्टी थंबनेलवर आणि शीर्षकात घालूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. थंबनेलवर नाटकाचं नाव आणि कलाकाराचा चेहरा पुरे. तारीख वर्णनात लिहा आणि प्रत्येक वेळी लिंकसोबतच्या संदेशात लिहा.

तारीख थंबनेलवर गेलीच असेल आणि जुना प्रिव्ह्यू फार दूर पसरला असेल, तर शेवटचा उपाय म्हणून व्हिडिओ नव्याने अपलोड करता येतो. नवा व्हिडिओ म्हणजे नवी अकरा अक्षरं, चित्राचा नवा पत्ता, आणि कुठेही कसलीच जुनी नक्कल नाही. पण जुन्यावरचे व्ह्यूज, कॉमेंट आणि शोधातली जागा मागे राहते. झलक टाकून दोनच दिवस झाले असतील तर हा सौदा परवडतो. त्यात जुना व्हिडिओ डिलीट करू नका. त्याचं शीर्षक ‘तारीख बदलली: १४ जून’ असं करा आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत व पिन केलेल्या कॉमेंटमध्ये नवी लिंक द्या. म्हणजे ७ जूनचं चित्र पाहून ज्याने बोट टेकवलं, त्यालाही पान उघडताच खरी तारीख वाचायला मिळेल.